तमिळहून मराठीत, व्हाया इंग्रजी

तमिळ घरातली एक सून सासूला सांगते, "अत्तै, नांग नाळैक्कु ऊरुक्कु पोरोम." पाच शब्दांचं, रोजच्या बोलण्यातलं वाक्य आहे. आपल्याकडच्या ग्रामीण घरातली सून हेच म्हणेल, "आत्याबाई, आम्ही उद्या गावाला चाललोय." दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून पाहा. अत्तै म्हणजे आत्या, आणि सासूलाही तिकडे तेच म्हणतात. नांग म्हणजे आम्ही. नाळैक्कु म्हणजे उद्या. ऊर म्हणजे गाव, आणि पोरोम म्हणजे चाललोय. शब्दांचा क्रमसुद्धा हलवावा लागत नाही.

आता हे वाक्य एका कादंबरीत आहे असं समजू. ती कादंबरी मराठीत आणायची आहे, पण तमिळ आणि मराठी दोन्ही जाणणारा अनुवादक प्रकाशकाला मिळत नाही. कादंबरीचा इंग्रजी अनुवाद मात्र बाजारात आहे, आणि इंग्रजीतून मराठीत आणणारे अनुवादक भरपूर आहेत. काम त्यांच्यातल्या एकाकडे जातं. इंग्रजी पानावर सूनबाई 'मदर-इन-लॉ' अशी हाक मारतात, 'वुई' जाणार असं सांगतात आणि 'व्हिलेज'ला जाणार म्हणतात. मराठी पानावर उतरतं ते असं : "सासूबाई, आपण उद्या आपल्या खेड्यात जाणार आहोत."

वाक्य शुद्ध आहे. त्यात कुठेही अडखळायला होत नाही, आणि धोका तिथेच आहे. मूळ वाक्यात सून सासूला वगळून बोलत होती : आम्ही दोघं चाललो, तुम्ही नाही. मराठीत तिने सासूला बरोबर घेतलं. पुढच्या पानावर सासू जेवण टाकून उठते, तेव्हा मराठी वाचकाला कळत नाही की बाईंना एवढा राग कशाचा आला.

या लेखाचा विषय एवढाच आहे. दोन भारतीय भाषांच्या मध्ये इंग्रजी आली की नेमकं काय हरवतं? मी तमिळ-मराठी हीच जोडी घेतली आहे, कारण या दोन भाषांत जे हरवतं ते बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना मुळात असतंच. नदीच्या दोन्ही काठांवर एकच झाड उगवतं, पण मधल्या पुलावरून त्याचं रोप नेता येत नाही, अशी ही अवस्था आहे.

'आम्ही' आणि 'आपण' यांचंच घ्या. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं की वगळून, हा भेद मराठी मूल बोलायला लागतं तेव्हाच शिकतं. तमिळमध्ये तो 'नांगळ' आणि 'नाम' असा आहे. नांग हे नांगळचं बोलीतलं रूप. तेलुगूत 'मेमु' आणि 'मनम', मल्याळममध्ये 'ञङ्ङळ' आणि 'नम्मळ', गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे'. द्राविडी भाषांशी शतकानुशतकं शेजार झाल्यामुळे तो मराठीत मुरला, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. इंग्रजीत मात्र एकच 'वुई' आहे. चांगला इंग्रजी अनुवादक 'आम्ही दोघं' अशा अर्थाचे शब्द घालून फट बुजवतो, पण प्रत्येक वाक्यात तसं करता येत नाही. केलं तर इंग्रजी जड होतं आणि संपादक ते काढून टाकतो. त्यात त्याची चूक नाही. तो इंग्रजी वाचकासाठी पुस्तक सिद्ध करत असतो. आपल्या पुस्तकातून उद्या कोणी मराठी पुस्तक काढणार आहे, हे त्याच्या डोक्यात असायचं कारण नाही.

मराठी अनुवादकापुढे मग प्रत्येक 'वुई'पाशी दोन वाटा असतात आणि तो प्रसंग पाहून एक निवडतो. बहुतेकदा बरोबर निवडतोही. पण जिथे कुटुंब फुटायला आलंय, जिथे दोन जातींची माणसं एका ओट्यावर बसून बोलताहेत, जिथे संपाच्या सभेत कोणीतरी 'आपण कामगार' म्हणतं आणि दुसरं कोणी 'आम्ही कामगार' म्हणतं, तिथे प्रसंगावरून अंदाज येत नाही. तिथे त्या एका सर्वनामातूनच प्रसंग उभा राहिलेला असतो. थेट अनुवादातही गोष्टी सुटतात, पण आपलं काय सुटलं हे थेट अनुवादकाला ठाऊक असतं. इंग्रजीवरून काम करणाऱ्याला मुळात तिथे निवड झालेली होती, हेच माहीत नसतं. दुसऱ्याने आधीच सांगून ठेवलेली गोष्ट तो नव्याने, अंदाजाने, ठरवत बसतो.

मध्ये हिंदी असली तर? नात्यांच्या बाबतीत बरंच भागतं, गाव गावच राहतं, तू-तुम्ही टिकतं. पण बोलीतला 'अपन' सोडला तर प्रमाण हिंदीतही एकच 'हम' आहे. सूनबाईंचं वाक्य तिथेही मुकंच होतं.

आता नात्यांकडे येऊ. आपल्याकडे जुन्या घरांतून सून सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणे, आणि खेड्यांत अजून म्हणतात. कारण उघड आहे. मुलाने मामाची मुलगी करायची पद्धत महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत होती आणि आहे. त्या मुलीच्या दृष्टीने सासू ही खरोखरच तिच्या वडिलांची बहीण असते. तमिळ समाजातही हेच, किंबहुना जास्त ठसठशीतपणे. तिकडे मामाची आणि आत्याची, दोन्हीकडची मुलगी चालते. अशा मुलीला 'मुरैप्पेण' म्हणतात, म्हणजे रीतीने जिच्यावर हक्क सांगता येतो ती. उलट काकाची मुलगी तिकडे सख्ख्या बहिणीसारखीच, तिला हाकही अक्का किंवा तंगच्ची अशीच मारतात. तिच्याशी लग्नाचा विचारसुद्धा पाप.

इंग्रजीत या दोघी एकाच शब्दात बसतात : कझिन. इंग्रजी-मराठी शब्दकोशात या शब्दापुढे चुलतभाऊ, चुलतबहीण हे अर्थ हाताशीच असतात. घाईत असलेला अनुवादक तोच घेतो, आणि मराठी कादंबरीत नायक चुलतबहिणीशी लग्न ठरवतो. मराठी वाचक दचकतो. गावातले लोक या लग्नाला आनंदाने कसे येतात, हे त्याला उमगत नाही. मूळ कथेत ज्या नात्यात लग्न अगदी स्वाभाविक होतं, त्याच्या जागी ज्या नात्यात ते अशक्य आहे तेच येऊन बसलं. अर्थ नुसता पुसट झाला असता तर वेगळं होतं, इथे तो उलटा झाला आहे. आणि मराठीकडे मामेबहीण, आतेबहीण हे शब्द तयार होते.

इंग्रजी अनुवादक सावध असला तर नात्याचे शब्द तो तसेच ठेवतो, तिरप्या अक्षरांत. हल्ली भारतात निघणाऱ्या इंग्रजी अनुवादांत हे वाढलं आहे आणि ते चांगलंच आहे. पण तमिळ शब्द रोमन लिपीत लिहिताना 'त'साठी टी-एच वापरायची तिकडची रीत आहे. अत्तै हा शब्द Athai असा छापला जातो. मराठी अनुवादक तो वाचतो 'अथाई'. आत्याच्या इतक्या जवळचा शब्द मराठीत अनोळखी बाईचं नाव वाटावं असा होऊन येतो.

व्हाया इंग्रजी आलेलं पुस्तक ओळखायची सगळ्यात सोपी खूण ही लिपीची आहे. लता ही 'लथा' झालेली असते, गीता 'गीथा', तिरुवनंतपुरम 'थिरुवनंतपुरम'. तमिळमध्ये आपल्या ळच्या जवळचे दोन वर्ण आहेत. त्यातला एक रोमनमध्ये एल होऊन जातो, दुसरा झेड-एच. म्हणून पेरुमाळचा 'पेरुमल' होतो आणि कनिमोळीची 'कनिमोझी'. ळ हा वर्ण मराठीत रोज वापरला जातो, हिंदीत तो नाही. 'तमिळ' हे नाव आपण तमिळ असंच लिहितो, हिंदीवाले तमिल लिहितात. भाषेच्या नावात जो वर्ण आपण इतकी वर्षं नीट सांभाळला, तो त्याच भाषेतल्या माणसांच्या नावांत गमावतो आहोत. का, तर ती नावं आपल्याकडे इंग्रजी अक्षरांतून येतात म्हणून.

दुसरी खूण स्वयंपाकघरात सापडते. तिच्यावर थोडं रेंगाळायला हवं.

तमिळ घरात दळण्या-वाटण्याची तीन वेगळी दगडी साधनं होती. 'अम्मी' म्हणजे सपाट दगड, त्यावर कुळवी नावाच्या लांबट दगडाने वाटायचं. हा आपला पाटा-वरवंटा. 'आट्टुक्कल' म्हणजे खोलगट दगड, त्यात उभा दगड गोल फिरवून इडली-डोशाचं पीठ वाटायचं. गोव्यात आणि कोकणात याला रगडो म्हणतात. आणि 'तिरिगै' म्हणजे जातं. शिवाय 'उरल' आणि 'उलक्कै', म्हणजे उखळ आणि मुसळ. इंग्रजीत पहिल्या तिन्हींना 'ग्राइंडिंग स्टोन' म्हणून मोकळं होतात, आणि उखळ-मुसळाला 'मॉर्टर अँड पेसल'. मराठीत पहिल्याचं जातं होतं आणि दुसऱ्याचा खलबत्ता. अंगणात दोन बाया आळीपाळीने मुसळ घालून साळी सडताहेत, असं मूळ दृश्य असतं. मराठीत त्या दोघी खलबत्त्यात भात कुटताना दिसतात.

हे नुसतं भांड्यांपुरतं राहत नाही. तमिळमध्ये रीतसर लग्न झालं असं सांगायचं असेल तर म्हणतात, 'अम्मी मिदित्तु, अरुंददी पार्त्तु', म्हणजे पाट्यावर पाय देऊन आणि अरुंधती पाहून. वधूचा पाय धरून वर तो अम्मीवर ठेवतो, आणि मग दोघांनी आकाशातली अरुंधती पाहायची. मराठी वाचकाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. आपल्या विवाहविधीत अश्मारोहण आहे, वधूला पाट्यावर किंवा सहाणेवर उभं करतात. अरुंधतीदर्शनही आहे. दोन्हीकडे विधी एकच, हेतू एकच : दगडासारखी स्थिर राहा.

आता एखादी परित्यक्ता भांडणात ओरडून म्हणते, की मी अम्मी तुडवून अरुंधती पाहून आलेली बाई आहे. म्हणजे ठेवलेली नाही, लग्नाची आहे. इंग्रजी अनुवादक हे कसं लिहील? दळायचा दगड आणि तारा, असं शब्दशः लिहिलं तर इंग्रजी वाचकाला कळणार नाही, म्हणून तो बहुधा 'विधिपूर्वक विवाहित' अशा अर्थाचं काहीतरी लिहील. त्याच्या वाचकासाठी ते योग्यच. पण त्यावरून मराठीत "मी कायदेशीर पत्नी आहे" असं आलं, तर भांडणातली ती बाई एकदम वकिलाच्या भाषेत बोलू लागते. आणि शब्दशः ठेवलं असेल, तर मराठी अनुवादक "जात्यावर पाय ठेवून" लिहील. जातं आपल्या लग्नात येतं ते हळद दळायला. त्यावर पाय ठेवणं हा तर अपमान. दोन्ही वाटांनी नुकसान होतं, आणि दोन्ही वेळा मराठीत पाटा आणि अरुंधती वापरायला तयार असतात.

एक उदाहरण अजून, कारण ते मला सर्वांत जास्त खुपतं. घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. कोणी चुकून 'जातो' म्हणालं तर आजी लगेच दुरुस्त करते. तमिळ माणूस निघताना म्हणतो, 'पोयिट्टु वरेन', म्हणजे जाऊन येतो. नुसतं 'पोरेन', म्हणजे जातो, असं म्हणणं तिकडेही अशुभ. एखाद्या कथेत भांडून निघालेला मुलगा उंबऱ्यावर 'पोरेन' एवढंच म्हणतो आणि आई जागच्या जागी थिजते. त्या एका शब्दात तो परत न येण्याचं बोललेला असतो. इंग्रजीत तो 'आय अॅम गोइंग' म्हणेल. पण 'पोयिट्टु वरेन'चंही इंग्रजी अनेकदा तेच होतं, किंवा 'बाय' होतं. मराठी अनुवादकाला दोन्ही ठिकाणी एकच इंग्रजी वाक्य दिसतं. तो दोन्हीकडे 'येतो' लिहील किंवा दोन्हीकडे 'निघतो' लिहील. आईचं थिजणं मग अकारण वाटतं. मराठीत ही कथा 'जातो' या एका शब्दावर उभी राहिली असती.

१९५६ साली मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला, त्याचा विषय 'भारत : एक भाषिक क्षेत्र' असा होता. कुळाने वेगळ्या असलेल्या भारतीय भाषा एकमेकींशेजारी राहून घडणीने सारख्या कशा झाल्या, हे त्यात दाखवलं आहे. हा माणूस विदर्भातल्या कोलामी भाषेवर काम केलेला, म्हणजे आर्य आणि द्राविडी भाषांची शीव त्याने प्रत्यक्ष पाहिलेली. त्याच्या म्हणण्याचा अर्थ अनुवादाच्या टेबलावर असा होतो : तमिळ आणि मराठी यांचं कूळ निराळं असलं तरी वाक्य रचण्याची, नाती मोजण्याची, निरोप घेण्याची रीत एकमेकींना जवळची आहे. मराठी आणि इंग्रजी एकाच मोठ्या कुळातल्या, पण रीतीने दूरच्या. जवळच्या घरी जायला आपण लांबचा फेरा घेतो.

मग तो का घेतो? आकडा पाहिला की कळतं. घटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. प्रत्येकीतून प्रत्येकीत थेट जायचं तर ४६२ वाटा होतात. इंग्रजीला मध्ये धरलं तर ४४ पुरतात. प्रकाशकाचा व्यवहारही याच बाजूला झुकतो. पुस्तक घ्यावं की नाही हे ठरवायला त्याला ते वाचावं लागतं, आणि तो वाचू शकतो इंग्रजी. अनुवाद हाती आल्यावर तो तपासायला संपादकाला मूळ लागतं, आणि त्याच्या हाताशी मूळ म्हणून इंग्रजी प्रतच असते. त्या प्रतीशी मराठी ताडून पाहिलं तर सगळं बरोबर निघतं. सूनबाईंच्या 'आपण'वर कोणाचीही पेन्सिल थांबत नाही.

या इंग्रजी प्रतीबद्दल एक सावधगिरी आणखी हवी. ती नेहमी त्याच पुस्तकाची असते असंही नाही. रवींद्रनाथांची बंगाली 'गीतांजली' १९१० ची, १५७ गीतांची. १९१२ ची इंग्रजी 'गीतांजली' १०३ गद्य रचनांची आहे, आणि त्यातल्या सुमारे निम्म्याच बंगाली गीतांजलीतल्या आहेत. बाकीच्या कवीने आपल्याच इतर संग्रहांतून घेतल्या. जो कोणी इंग्रजीवरून गीतांजली आपल्या भाषेत आणतो, तो बंगाली गीतांजली आणतच नाही. ओ. व्ही. विजयन यांनी 'खसाक्किंडे इतिहासम्' ही आपली १९६९ ची मल्याळम कादंबरी १९९४ मध्ये स्वतः इंग्रजीत आणली, आणि आणताना ती बदलली. कुर्रतुलऐन हैदर यांनी 'आग का दरिया'चं तेच केलं. लेखकाने स्वतः केलेला अनुवाद म्हणून ही इंग्रजी पुस्तकं मुळाइतकीच प्रमाण मानण्याचा मोह होतो. ती स्वतंत्र पुस्तकं आहेत, दुसऱ्या वाचकासाठी लिहिलेली.

बोलीचं काय होतं, तेही पाहायला हवं. बामा यांचं 'करुक्कू' हे आत्मकथन १९९२ साली आलं, लक्ष्मी होल्मस्ट्रॉम यांचा इंग्रजी अनुवाद २००० साली. तमिळमध्ये लिहायची भाषा आणि बोलायची भाषा यांच्यात मोठं अंतर आहे. बामा यांनी लिहायची भाषा बाजूला सारून आपल्या वस्तीतली बोली कागदावर आणली, हेच त्या पुस्तकाचं मोठं बंड होतं. होल्मस्ट्रॉम जाणत्या अनुवादक होत्या, त्यांनी इंग्रजीत बोलण्याचा सूर धरला. पण तमिळ वाक्यातल्या क्रियापदाच्या शेवटावरून आणि हाकेवरून बोलणाऱ्याची वस्ती आणि जात कानाला कळते, ती इंग्रजी क्रियापदात कुठून येणार? अशा पुस्तकाचा मराठी अनुवाद इंग्रजीवरून केला, तर समोर दिसतं ते नीट इंग्रजी, आणि हात आपोआप प्रमाण मराठीकडे वळतो. दया पवार, लक्ष्मण माने, उर्मिला पवार यांच्यानंतर मराठीला असं पुस्तक कोणत्या आवाजात बोलेल हे ठाऊक आहे. तो आवाज सुचवणारं इंग्रजी पानावर मात्र काही उरलेलं नसतं.

फोनवरच्या अनुवादाचाही इथे विचार करायला हवा, कारण आता बहुतेकांचा तमिळशी पहिला संबंध तिथेच येतो. तमिळ-मराठी असं थेट बटण दिसलं तरी आत काय आहे ते वेगळं. अनुवादयंत्र शिकतं ते जोड्यांवरून : एका भाषेतलं वाक्य आणि दुसरीतलं त्याचं भाषांतर. तमिळ-मराठी अशा जोड्या मुळात फार थोड्या. आयआयटी मद्रासमधल्या एआयफॉरभारत गटाने २०२१ मध्ये 'समानांतर' नावाचा मोठा संग्रह खुला केला. त्यात इंग्रजी आणि ११ भारतीय भाषा यांच्या ४ कोटी ९७ लाख जोड्या होत्या. भारतीय भाषांच्या आपसातल्या जोड्या त्यांनी इंग्रजीवरूनच काढल्या. एकच इंग्रजी वाक्य तमिळ जोडीत आणि मराठी जोडीत सापडलं, की इंग्रजी काढून टाकायचं आणि तमिळ-मराठी जोडायचं. अशा ५५ भाषाजोड्यांसाठी ८ कोटी ३४ लाख जोड्या झाल्या. काम मोलाचं आहे, त्याआधी या प्रमाणात काहीच नव्हतं. पण या जोड्यांतलं 'नाम' आणि 'आपण' एकमेकांकडे पाहून जुळलेले नाहीत. दोघांनीही मधल्या 'वुई'कडे पाहून आपापला अंदाज केला आहे. अशा जोड्यांवर थेट यंत्र शिकवलं, तरी इंग्रजी त्याच्या शिकवणीतच मुरलेली राहते.

तपासायची पट्टीही तशीच. यंत्रं मोजायला फ्लोरेस नावाचा ३००१ वाक्यांचा संच जगभर वापरतात. ती सगळी वाक्यं मुळात इंग्रजीतली, विकिमीडियाच्या लेखांमधून घेतलेली. तमिळ-मराठी यंत्राला त्यावर गुण मिळतात ते इंग्रजीच्या एका भाषांतरावरून दुसऱ्या भाषांतराकडे नीट गेल्याबद्दल. सून सासूशी बोलते ते वाक्य त्या परीक्षेत येत नाही.

दुसरी वाट आपल्याकडे चाचपून पाहिलेली आहे. आयआयआयटी हैदराबादच्या पुढाकाराने अनेक संस्थांनी मिळून 'संपर्क' ही यंत्रणा केली. तिच्यात भारतीय भाषांची समान घडण हाच पाया धरला होता, इंग्रजी मध्ये नव्हती. १८ दिशा झाल्या. त्यात मराठी-हिंदी होती, तमिळ-हिंदी होती, तमिळ-तेलुगू होती. तमिळ-मराठी नव्हती.

वाचकाला स्वतः पाहायचं असेल तर एक साधी चाचणी आहे. "आम्ही उद्या जाऊ" आणि "आपण उद्या जाऊ" ही दोन वाक्यं मराठीतून तमिळमध्ये करून घ्या. तमिळ वाचता आलं नाही तरी चालेल, दोन उत्तरं अक्षर न् अक्षर सारखी आहेत का तेवढं पाहा. सारखी असतील तर भेद मध्येच कुठेतरी गळाला. वेगळी आली तर यंत्राने तेवढी गोष्ट तरी राखली, एवढंच म्हणता येईल. एका वाक्यावरून पुस्तकाचा भरवसा धरू नये.

तमिळ-मराठी थेट वाट कधी नव्हतीच, असं मात्र कोणी समजू नये. तंजावरच्या भोसले दरबारात शाहराजांच्या नावावर 'पंचभाषाविलास' नाटक आहे, त्यात तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत या भाषा एकाच रंगमंचावर बोलतात. ते फार जुनं झालं म्हणाल, तर विसाव्या शतकातलं सांगतो. का. श्री. श्री. या नावाने लिहिणाऱ्या अनुवादकाने वि. स. खांडेकरांच्या कादंबऱ्या थेट मराठीवरून तमिळमध्ये नेल्या. १९४० च्या दशकापासून तमिळ वाचकांनी त्या इतक्या वाचल्या, की खांडेकर तिकडे आपल्यातलेच लेखक झाले. एका माणसाने मराठी शिकून घेतली, त्यातून हे घडलं. उलट दिशेने, तमिळवरून मराठीत, तसा सातत्याचा माणूस आपल्याला मिळाला नाही. कन्नडला मिळाला. उमा कुलकर्णी यांनी भैरप्पा आणि इतरांना मराठीत आणलं. त्यांची सुरुवातीची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे : पती विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड मजकूर वाचून ध्वनिमुद्रित करत आणि त्या ऐकून मराठी करत. म्हणजे लिपी येत नसतानाही मूळ भाषा कानात होती. आजच्या कन्नडमध्ये 'नावु' एकच आहे, आम्ही-आपण भेद नाही. पण मूळ प्रसंगातला सूर ऐकून मराठीत कोणता शब्द यावा, हे ठरवणं त्यांच्या हातात होतं.

ही रीत आजही वापरता येते, आणि ती इंग्रजी प्रत असतानाही उपयोगी पडते. मराठी अनुवादकाने हवं तर इंग्रजी समोर ठेवावं, पण शेजारी तमिळ जाणणारा माणूस बसवावा किंवा त्याचं वाचन मुद्रित करून घ्यावं. प्रत्येक प्रकरणासाठी प्रश्नांचा एक कागद करावा. या 'वुई'त ऐकणारा आहे का? हा कझिन कोणाकडचा? इंग्रजी 'ही' म्हणजे इथे तो की आदराने ते? हा दगड कोणता? निघताना तो नेमकं काय म्हणाला? ही बाई कोणत्या वस्तीतली बोली बोलते? नावं तमिळ उच्चारावरून देवनागरीत लिहून घ्यावीत, रोमनवरून नाही. साहित्याचं पांडित्य नसलं तरी तमिळ घरात वाढलेला कोणीही हे सांगू शकतो. खर्च होतो तो काही आठवड्यांचा आणि एका माणसाच्या मानधनाचा.

प्रकाशकांना एक विनंती आहे. मुखपृष्ठावर 'मूळ तमिळ कादंबरी' लिहायचं आणि इंग्रजी अनुवादकाचं नाव आत बारीक अक्षरांत द्यायचं, किंवा द्यायचंच नाही, हे बंद करावं. पुस्तक कोणत्या भाषेवरून मराठीत आलं ते नावपानावर स्पष्ट छापा, मूळ तमिळशी कोणी ताडून पाहिलं असेल तर त्याचंही नाव छापा. वाचकांनी अनुवादित पुस्तक हातात घेतलं की ते पान आधी उघडावं, आणि तिथे काही लिहिलेलं नसेल तर प्रकाशकाला विचारावं. माटुंग्यात आणि धारावीत कित्येक घरांतून तमिळ बोलली जाते, आणि त्या घरांतली मुलं मराठीही बोलत मोठी झाली आहेत. चेन्नईत आणि तंजावरात मराठी घरं आहेत. यातल्या कोणाला अनुवाद करावासा वाटत असेल, तर त्याने पूर्ण कादंबरीची वाट पाहू नये. एक तमिळ कथा थेट मराठीत करून मराठी मासिकाकडे पाठवावी, आणि संपादकांनी ती इंग्रजी प्रत न मागता वाचावी.